होरा कसा काढायचा? सूर्योदय, वाराचा स्वामी आणि ग्रहांचे तास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होरा म्हणजे नक्की काय? राहुकाळासारखंच काहीतरी का?

नाही, राहुकाळ वेगळा. होरा म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या अख्ख्या दिवसाचे २४ भाग करायचे आणि प्रत्येक भाग एकेका ग्रहाच्या नावावर लावायचा, एवढंच. ग्रह सातच, म्हणजे रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि. राहू-केतूंना होऱ्यात जागाच नाही. सात संपले की परत पहिल्यापासून. दिवसाचा पहिला होरा ज्याचा वार त्याचा, म्हणजे सोमवारी सूर्योदयाला चंद्राचा होरा, शनिवारी शनीचा, आणि तिथून पुढे ठरलेल्या क्रमाने गाडी चालू.

राहुकाळात फक्त दिवसाचे (सूर्योदय ते सूर्यास्त) आठ भाग करतात आणि त्यातला एक भाग टाळतात. गुजराती मंडळींचं चौघडिया पण आठ भागांचंच आहे, दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ. बरेच जण हे तिन्ही एकत्र कालवतात आणि मग "आज चांगला वेळच नाही" म्हणून बसून राहतात.

क्रम कोणता? रवि, सोम, मंगळ असाच ना?

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. होऱ्यांचा क्रम वारांचा नाही. तो असा आहे: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र, आणि परत शनि. सगळ्यात सावकाश फिरणाऱ्या ग्रहापासून सगळ्यात जलद फिरणाऱ्यापर्यंत. शनीला आकाशाची एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला १२ च्या आसपास, आणि शेवटचा चंद्र जेमतेम सव्वासत्तावीस दिवसांत फेरी पूर्ण करतो. ज्या दिवशी जो वार असेल तिथून ही साखळी धरायची. गुरुवार असेल तर गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र, शनि, परत गुरु असं.

हे पाठ होत नसेल तर जुनी सोपी युक्ती आहे, चालू होऱ्याच्या वारापासून सहावा वार मोजा (तो वार स्वतः एक धरून), तो पुढचा होरा. गुरुवार एक, शुक्रवार दोन, शनिवार तीन, रविवार चार, सोमवार पाच, मंगळवार सहा, म्हणजे गुरूनंतर मंगळ. मंगळवारपासून सहावा रविवार, म्हणजे मंगळानंतर रवि. बोटांवर होतं, कागद लागत नाही.

मग वारांचा क्रम आणि होऱ्यांचा क्रम वेगळा का? दोघांचा काही संबंध आहे की नाही?

आहे, आणि तोच या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे असं माझं मत. वारांचा क्रम होऱ्यांमधूनच निघतो. २४ होरे, सात ग्रह. सातच्या तीन फेऱ्या म्हणजे २१, उरले तीन. म्हणजे आज पहिला होरा शनीचा असेल तर बावीसावा परत शनीचा, तेवीसावा गुरूचा, चोवीसावा मंगळाचा, आणि पंचविसावा म्हणजे उद्याचा पहिला रवीचा. शनिवारनंतर रविवार! रवीपासून तसंच तीन ओलांडले (रवि, शुक्र, बुध) की चंद्र, म्हणजे सोमवार. चंद्र, शनि, गुरु ओलांडले की मंगळ. असं करत सातही वार बरोब्बर आपल्या ओळखीच्या क्रमाने येतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आसपासच्या आपल्या आर्यभटीयात, कालक्रियापादामध्ये हे एका श्लोकात सांगून टाकलंय, की शनीपासून उत्तरोत्तर जलद असे हे सात होऱ्यांचे स्वामी आणि त्याच क्रमातला प्रत्येक चौथा हा सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी.

कधीतरी हे कागदावर लिहून बघाच, शनीपासून चंद्रापर्यंत सात नावं वर्तुळात मांडा आणि प्रत्येक चौथ्याला रेघ ओढत जा, सात टोकांचा तारा तयार होतो आणि रेघा वारांच्या क्रमाने जातात.

हे आपलं वैदिक आहे का?

वेदांग ज्योतिषात तिथी आहे, नक्षत्र आहे, सात वार नाहीत. ग्रहांच्या तासांची पद्धत ग्रीक-रोमन जगातल्या ज्योतिषात इसवी सनाच्या पहिल्या दुसऱ्या शतकात चालू होती आणि तिथून ती आपल्याकडे आली असंच बहुतेक अभ्यासक धरतात. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला जुना शिलालेख मध्य प्रदेशात एरणला आहे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. त्याची तारीख गणिताने २१ जून ४८४ अशी येते आणि ते गणित आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी केलेलं, इंग्रज अभ्यासक फ्लीटच्या गुप्त शिलालेखांच्या कामासाठी. म्हणजे आर्यभटाच्या जेमतेम पंधरा वर्षं आधी वार लेखात कोरण्याइतका रुळला होता. बाहेरून आलं म्हणून कमी दर्जाचं असं काही नाही, पण "ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी" असं ज्या फॉरवर्डमध्ये लिहिलेलं असतं ते सोडून द्या.

एक होरा किती वेळाचा? एक तास ना?

उत्तर "हो" पण आहे आणि "नाही" पण, आणि तुमचं ॲप आणि घरातलं पंचांग जुळत नाही त्याचं मुख्य कारण हेच.

पहिली पद्धत: सूर्योदयापासून सरळ साठ साठ मिनिटांचे होरे. जुन्या भाषेत अडीच घटी, कारण अहोरात्राच्या ६० घटी आणि एक घटी २४ मिनिटांची. मराठी पंचांगात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे होऱ्याचं कोष्टक असतं ते बहुतेक वेळा याच हिशोबाने वाचायचं असतं.

दुसरी पद्धत: सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा समान भाग, सूर्यास्त ते पुढचा सूर्योदय याचे दुसरे बारा समान भाग. यात उन्हाळ्यात दिवसाचा होरा मोठा आणि रात्रीचा छोटा, थंडीत उलट. पुण्याचं बघा, २१ जूनला दिवस साधारण १३ तास १५ मिनिटांचा, म्हणजे दिवसाचा होरा ६६ मिनिटांचा. २१ डिसेंबरला दिवस ११ तासांचा, होरा ५५ मिनिटांचा. ग्रीक-रोमन आणि नंतर अरबी-युरोपीय परंपरेत हीच पद्धत, आणि आजची बरीचशी ॲप्स पण हीच वापरतात.

तिसरी, म्हणजे पद्धत कसली, शॉर्टकट: रोज सकाळी सहाला पहिला होरा सुरू धरायचा, सहा ते सात, सात ते आठ असं. याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण त्यात एक मोठी गडबड आहे.

मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास दिवस-रात्र जवळपास सारखे असतात तेव्हा पहिल्या दोन पद्धतींत फारसा फरक पडत नाही. भांडण होतं ते जून आणि डिसेंबरमध्ये.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा ना. पुण्यात गुरुवारी स्कूटरची डिलिव्हरी घ्यायचीय, शुक्राचा होरा कधी?

चला. तारीख धरू २१ डिसेंबर २०२३, गुरुवार, मार्गशीर्षातला गुरुवार. पुण्याचा सूर्योदय ७:०२, सूर्यास्त संध्याकाळी ६:०३. वाहन, दागिने, कपडे असल्या खरेदीला परंपरेत शुक्र बघतात म्हणून शुक्राचा होरा हवा.

गुरुवारची साखळी लिहून घ्या: गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र, शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध. दिवसभरात शुक्र दोनदा येतो, चौथा आणि अकरावा.

साठ मिनिटांच्या पद्धतीने चौथा होरा म्हणजे सूर्योदयानंतर तीन तास सोडून, १०:०२ ते ११:०२. अकरावा म्हणजे दहा तास सोडून, संध्याकाळी ५:०२ ते ६:०२.

आता बारा भागांची पद्धत. ७:०२ ते ६:०३ म्हणजे ११ तास १ मिनिट, ६६१ मिनिटं. भागिले बारा, साधारण ५५ मिनिटं ५ सेकंद. तीन होरे म्हणजे १६५ मिनिटं, सूर्योदयात मिळवली की ९:४७. म्हणजे शुक्र ९:४७ ते १०:४२. अकराव्यासाठी दहा होरे, ५५१ मिनिटं, दुपारी ४:१३ ते ५:०८.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. सकाळी १०:०२ ते १०:४२ हा वेळ दोन्ही पद्धतींनी शुक्राचा आहे, चाळीस मिनिटं निवांत मिळतात. संध्याकाळी मात्र ५:०२ ते ५:०८, फक्त सहा मिनिटं जुळतात. का, तर थंडीत दर होऱ्याला पाच पाच मिनिटांचा फरक साचत जातो, सूर्यास्तापर्यंत तो जवळपास तासाभराचा होतो. साडेपाचला शोरूममध्ये उभे असाल तर एका हिशोबाने तो शुक्राचा होरा आणि दुसऱ्याने बुधाचा. रात्रीचे होरे ६५ मिनिटांचे असल्यामुळे फरक परत कमी कमी होत दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला मिटतो.

म्हणून माझा स्वतःचा सल्ला असा आहे की कुठली पद्धत "खरी" यावर घरात वाद घालण्यापेक्षा सकाळचा वेळ घ्या आणि दोन्हींत जुळणारा तुकडा घ्या. किल्ली हातात घेणं, पेढा ठेवणं, नारळ फोडणं याला चाळीस मिनिटं खूप झाली, पेपरवर्क आधी आटपून घ्या म्हणजे झालं.

एक्सेलमध्ये करता येईल का?

येईल. `A1` मध्ये सूर्योदय, `B1` मध्ये सूर्यास्त लिहा (सूर्यास्त २४ तासांच्या घड्याळाने, म्हणजे `18:03`), आणि चौथा होरा कधी सुरू होतो ते असं:

```
=$A$1+($B$1-$A$1)/12*3
```

शेवटचा आकडा म्हणजे किती होरे सोडायचे तो, पाचव्यासाठी चार, अकराव्यासाठी दहा. सेलचा फॉरमॅट टाइम ठेवा नाहीतर 0.40 वगैरे काहीतरी दिसेल आणि फाइल बिघडली असं वाटेल.

आमचे आजोबा घटी वरून काहीतरी "दुप्पट करून पाचने भाग" असं करायचे. ते काय होतं?

ते अस्सल जुनं सूत्र आहे, मुहूर्ताच्या ग्रंथांतलं. सूर्योदयापासून किती घटी झाल्या त्या घ्या, दुप्पट करा, पाचने भागा, जी बाकी उरेल ती त्या दुपटीतून वजा करा, एक मिळवा, सातने भागा, आणि उरलेल्या आकड्याइतकं त्या दिवसाच्या वारापासून वारांच्याच क्रमाने मोजा. बाकी शून्य आली तर सात धरा.

आपल्याच उदाहरणात सकाळी साडेदहा घ्या. ७:०२ पासून २०८ मिनिटं झाली, म्हणजे आठ घटी आणि वर सोळा मिनिटं, ८.६७ म्हणू. दुप्पट १७.३३. पाचने भागल्यावर बाकी २.३३, ती वजा केली की १५. एक मिळवला, १६. सातने भागून बाकी २. गुरुवार एक, शुक्रवार दोन, शुक्राचा होरा. आलं ना बरोबर?

यात गंमत अशी की बाकी वजा केल्यावरचा आकडा नेहमी पाचच्या पटीत येतो आणि वर जी "सहावा वार" वाली युक्ती दिली तीच इथे लपलेली आहे, दर होऱ्याला वार पाचने पुढे सरकतो. म्हणजे होऱ्यांचा वेगळा क्रम पाठ करायचीच गरज नाही, वार येत असले की पुरे. आणि हे सूत्र अडीच घटीच्या, म्हणजे साठ मिनिटांच्या होऱ्यासाठी आहे, बारा भागांच्या पद्धतीला चालणार नाही.

सकाळी सहापासून मोजलं तर काय बिघडतं? कोष्टकात तसंच छापलंय.

कोष्टक छापणाऱ्याने सूर्योदय सहाला धरलेला असतो, उदाहरण म्हणून किंवा सरासरी म्हणून. जुन्या ग्रंथांतही प्रत्यक्ष सूर्योदयाऐवजी मध्यम म्हणजे सरासरी सूर्योदयापासून वार सुरू करण्याचा, म्हणजे वारप्रवृत्तीचा, विचार आहे, त्यामुळे सहा हा आकडा अगदी हवेतून आलेला नाही. पण ते सहा स्थानिक वेळेचे! आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखवतं, जी साडेब्याऐंशी रेखांशाची आहे, तिकडे प्रयागराजच्या बाजूची. एका अंशाला चार मिनिटं, पुणे ७३.८६ वर, म्हणजे पुण्याचे स्थानिक सहा वाजतात तेव्हा घड्याळात जवळजवळ ६:३५ झालेले असतात. मुंबईत ६:३९, ज्यांनी जुनी बॉम्बे टाइम ऐकलीय त्यांना हा ३९ मिनिटांचा फरक माहीत असेल, १९०६ पासून प्रमाणवेळ आली तरी मुंबईत तो टाइम बराच काळ चालला.

तर घड्याळाचे सहा धरले की पुण्यामुंबईकडे तुम्ही त्याच पद्धतीच्या हिशोबाने अर्धा तास चुकता. आणि डिसेंबरात सूर्योदय ७:०२ चा असताना सहाला सुरुवात धरली तर तासाभराने, म्हणजे पूर्ण एका होऱ्याने. आपल्या गुरुवारी साडेसातला सूर्योदयाप्रमाणे गुरूचा होरा आहे, सहाच्या कोष्टकात मंगळाचा दिसेल. मुलाचा हात धरून पाटीवर श्रीगणेशा करायला बसलात आणि कोष्टक म्हणतंय मंगळ!

कोष्टक फेकू नका, फक्त "६ ते ७" ला "पहिला होरा" असं वाचा आणि त्याच्या जागी आपल्या गावचा सूर्योदय घाला.

सूर्योदय कुठला घ्यायचा? पंचांगातला, मोबाईलमधला की डोळ्यांनी दिसलेला?

आपल्या गावाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्याच २१ डिसेंबरला पुण्यात ७:०२ आणि नागपुरात ६:४६, सोळा मिनिटांचा फरक. पणजीला ६:५७ च्या आसपास. पंचांगात एका शहराचा सूर्योदय मुख्य छापलेला असतो आणि बाकी गावांसाठी मिनिटांचं कोष्टक मागे असतं, ते कोणी उघडतच नाही.

डोळ्यांनी दिसणारा नको. समोर डोंगर असेल, इमारत असेल, तर सूर्य अर्ध्या तासाने दिसेल, पण सूर्योदय तेव्हा होत नाही, मोकळ्या क्षितिजाचा धरतात.

आणि अजून एक बारीक भानगड आहे. हवामान खात्याचा किंवा मोबाईलचा सूर्योदय म्हणजे बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसते तो क्षण, त्यात हवेमुळे प्रकाश वाकतो तेही धरलेलं असतं. काही पंचांगकर्ते बिंबाचा मध्य धरतात आणि प्रकाशाचं वाकणं सोडून देतात. दोन्हींत आपल्या भागात साधारण चार मिनिटांचा फरक येतो. म्हणून होऱ्याच्या कडेची पाच मिनिटं कधीच भरवशाची नाहीत, सुरू झाल्या झाल्या आणि संपता संपता काम नको, मधला वेळ घ्या. जे लोक "१० वाजून २ मिनिटं ३० सेकंदांनी" असलं सांगतात त्यांना विचारा की सूर्योदय वरच्या कडेचा घेतला का मध्याचा.

रात्री बारानंतर वार बदलतो ना?

कॅलेंडरचा बदलतो, होऱ्याचा नाही. गुरुवारच्या रात्री दोन वाजले तरी सूर्योदय होईपर्यंत गुरुवारच. मोबाईल शुक्रवार दाखवतो म्हणून शुक्रापासून मोजायला घेतलं की सगळं गेलं.

आपल्याच दिवशी रात्री २ ला काय? साठ मिनिटांच्या पद्धतीने ७:०२ पासून १८ तास ५८ मिनिटं झालीत, म्हणजे एकोणिसावा होरा, बुध. बारा भागांच्या पद्धतीने रात्र ६:०३ ला सुरू, रात्रीचा होरा ६५ मिनिटांचा, ४७७ मिनिटं गेलीत म्हणजे रात्रीचा आठवा, एकूण विसावा, चंद्र. पहाटेच्या फ्लाइटसाठी घरातून निघायची वेळ बघणाऱ्यांचा इथे नेहमी घोळ होतो.

कुठल्या कामाला कुठला होरा?

मुहूर्ताच्या ग्रंथांचा नियम साधा आहे, जे काम ज्या वारी करायला सांगितलंय ते त्या ग्रहाच्या होऱ्यातही चालतं. मुहूर्तचिंतामणीतही, जो १६०० च्या सुमारास काशीत रामदैवज्ञाने लिहिला, हेच आहे. होऱ्याचा खरा उपयोग हाच, की शुक्रवारपर्यंत थांबणं शक्य नसेल तर आजच्याच दिवसात शुक्राचा तास काढता येतो.

लोक व्यवहारात जे धरतात ते साधारण असं. सरकारी ऑफिस, अर्ज, साहेबांची भेट याला रवि. प्रवासाला निघणं, पाण्याचं काम, दूधदुभतं, घरातल्या बायकामंडळींशी संबंधित गोष्टी याला चंद्र. लिहिणं, हिशोब, परीक्षेचा फॉर्म, करारावर सही, दुकानाचा व्यवहार याला बुध. गुरु म्हणजे शिक्षण, लग्नाची बोलणी, देवाधर्माचं, पैसे गुंतवणं. खरेदी, दागिने, गाडी, नटणंथटणं, गाणंबजावणं हे शुक्राचं.

मंगळ आणि शनि म्हटलं की लोक दचकतात, पण त्यांची पण कामं आहेत. मंगळाला जमिनीचं, शस्त्राचं, आगीचं, कोर्टकचेरीचं काम. शनीला लोखंड, तेल, मजुरांचं काम, जुनं मोडणं, नोकर ठेवणं. भंगार विकायला शुक्राचा होरा कशाला शोधायचा? उगाच सगळ्याला शुक्र आणि गुरु शोधत बसतात, आणि दिवसातले निम्मे होरे वाया गेले असं समजतात.

गुरूचा होरा आणि राहुकाळ एकाच वेळी आला तर?

येतोच. आपल्या गुरुवारी बारा भागांच्या पद्धतीने दुपारचा गुरूचा होरा १:२८ ते २:२३. गुरुवारचा राहुकाळ म्हणजे दिवसाच्या आठ भागांतला सहावा, ६६१ भागिले आठ साधारण ८२.६ मिनिटं, पाच भाग सोडले की १:५५ ते ३:१८. म्हणजे होऱ्याचा मागचा अर्धा भाग राहुकाळात गेला, शिल्लक १:२८ ते १:५५. साठ मिनिटांच्या पद्धतीने गुरु २:०२ ते ३:०२, तो तर सगळाच राहुकाळात.

दोन्ही पाळणारे लोक अशा वेळी सकाळचा होरा घेतात, सूर्योदयाचा पहिला गुरु तर आहेच. राहुकाळ दक्षिणेत फार कडक पाळतात, आपल्याकडे पूर्वी एवढं नव्हतं, कॅलेंडरवर छापायला लागल्यापासून वाढलंय असं मला वाटतं. कॅलेंडरवर गुरुवारी दीड ते तीन असं छापलेलं असतं ते पण सहा ते सहाचा दिवस धरूनच, तेव्हा वर सहाच्या कोष्टकाबद्दल जे लिहिलं ते इथेही लागू.

ॲप कुठली पद्धत वापरतंय हे कसं ओळखायचं?

जून किंवा डिसेंबरमधली तारीख टाका आणि दिवसाचा पहिला होरा किती मिनिटांचा दाखवतंय ते बघा. बरोब्बर साठ असेल तर पहिली पद्धत. ५५ किंवा ६६ च्या जवळपास असेल तर दुसरी. रोज कुठल्याही तारखेला ६:०० पासूनच सुरू होत असेल तर ते ॲप काढून टाका. मग पहिल्या होऱ्याची सुरुवात तुमच्या गावच्या सूर्योदयाशी पडताळा, पंधरावीस मिनिटं फरक दिसला तर लोकेशन दुसऱ्याच शहराचं लागलंय. शेवटी चोवीसाव्या होऱ्याचा ग्रह बघा, त्याच्या पुढचा ग्रह उद्याच्या वाराचा यायला हवा. गुरुवारी चोवीसावा रवि, पुढचा शुक्र, शुक्रवार. नाही आला तर क्रमच चुकलाय.

होरा पाळला की काम होतंच का?

असं कोणी मोजून दाखवलेलं नाही आणि ग्रह आपल्या तासाला जास्त जोर लावतो असं भौतिकशास्त्रात काही नाही. गणित पक्कं आहे, फळ हा श्रद्धेचा भाग आहे. साधी गोष्ट बघा, त्याच शुक्राच्या होऱ्यात एकाच शोरूममधून पाच गाड्या बाहेर पडतात, पाचही जणांचं नशीब सारखं नसतं. ज्योतिषी पण हेच सांगतात की होरा हा मुहूर्ताचा एक छोटा भाग, तिथी, नक्षत्र, लग्न यांच्यानंतरचा, घाईच्या वेळी वापरायचा. दवाखान्यात, अपघातात, औषध घ्यायच्या वेळेत होरा बघायचा नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण लोक विचारतात.

आम्ही लंडनला असतो. भारतातला होरा बघायचा की इथला?

तिथला, तिथल्या सूर्योदयाने, तिथल्या घड्याळाने. आईने पुण्याहून व्हॉट्सॲपवर पाठवलेली वेळ साडेपाच तास वजा करून वापरायची नाही (उन्हाळ्यात साडेचार), कारण तुमचा सूर्योदयच वेगळा आहे.

आणि तिथे दोन पद्धतींतला फरक फार मोठा होतो. २१ डिसेंबरला लंडनला सूर्योदय ८:०४ आणि सूर्यास्त ३:५३, म्हणजे दिवसाचा होरा फक्त ३९ मिनिटांचा आणि रात्रीचा ८१ मिनिटांचा. जूनमध्ये उलटं, पहाटे ४:४३ ते रात्री ९:२१, दिवसाचा होरा ८३ मिनिटांचा. तिथे जुळणारा तुकडा फक्त सकाळच्या पहिल्या एकदोन होऱ्यांतच मिळतो, म्हणून आधी पद्धत ठरवा आणि मग तीच धरा. अजून वर गेलात, नॉर्वेत ट्रॉम्सोला वगैरे, तर थंडीत काही आठवडे सूर्य उगवतच नाही, उन्हाळ्यात मावळत नाही, आणि बारा भागांची पद्धत तिथे बंदच पडते. साठ मिनिटांवाले पण सूर्योदय कुठून आणणार? तिथले लोक मग सहाचं कोष्टक वापरतात किंवा भारतातला सूर्योदय घेतात, आणि ग्रंथांत याला काही उत्तर नाही, कारण लिहिणारे उज्जैनच्या आसपासच्या सूर्याकडे बघून लिहीत होते.